‘मदत मागा’ असं पाटीवर लिहू नका

एका नव्या समुपदेशन केंद्राच्या संचालिका माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या वहीत सात ओळी लिहिलेल्या होत्या. केंद्राचं नाव ठरलं होतं, खोल्या रंगवून झाल्या होत्या, नावाच्या खाली एक घोषवाक्य तेवढं राहिलं होतं. त्यांची अपेक्षा साधी होती. ती ओळ वाचून इथे येणं नेहमीचं आणि प्रतिष्ठेचं वाटावं, बस. मी जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरतो, त्यामुळे सातातली एखादी निवडून थोडी घासूनपुसून द्यावी, असा माझा विचार होता.

ओळी अशा होत्या: ‘मदत मागायला लाज कसली?’, ‘धाडस करा, पहिलं पाऊल टाका’, ‘तुम्ही एकटे नाही’, ‘मौन सोडा, मन मोकळं करा’. उरलेल्या तीनही याच गोत्रातल्या. सगळ्या मनापासून लिहिलेल्या होत्या आणि माझ्या मते सगळ्या ज्या कामासाठी लिहिल्या होत्या त्याच्या उलट काम करणाऱ्या होत्या. केंद्रं, मोहिमा, पत्रकं सगळीकडे हीच चूक होताना दिसते, म्हणून हा लेख.

‘लाज कसली?’ हा प्रश्न आपण कोणाला विचारतो? जो लाजतोय त्याला. बँकेच्या दारावर ‘खातं उघडायला लाज कसली?’ असं लिहिलेलं दिसलं, तर आपल्याला पहिल्यांदाच शंका येईल की खातं उघडण्यात काहीतरी लाजण्यासारखं असावं. नकार देण्यासाठी आधी त्या गोष्टीचं नाव घ्यावं लागतं, आणि पाटीवर नावच उरतं. रस्त्यानं जाणारा माणूस ओळ अर्धवट वाचतो. त्याच्या डोक्यात ‘समुपदेशन’ आणि ‘लाज’ हे दोन शब्द शेजारी शेजारी बसतात. प्रश्नचिन्ह तिथपर्यंत पोचतच नाही.

‘धाडस करा’ ही ओळ याहून फसवी, कारण ती आदरानं बोलते. पण धाडस म्हणजे जे बहुतेक लोक करत नाहीत ते. समुपदेशकाकडे जाणाऱ्याला आपण शूर ठरवलं की जाणं हे अपवादाचं काम ठरतं. शिवाय ज्याला तीन महिने नीट झोप लागलेली नाही, त्याच्याकडे धाडस सोडून काहीही मागा, ते बहुधा मिळेल. शौर्याची पात्रता लावली की साधा माणूस रांगेतून बाहेर पडतो.

आणि ‘तुम्ही एकटे नाही’. ही ओळ एकट्यानं, रात्री, फोनवर वाचली तर खरंच धीर देते, हे मी मान्य करतो. पण पाटी माणूस एकटा वाचत नाही. तो लिफ्टपाशी सहकाऱ्याबरोबर उभा असतो, नाहीतर घरच्यांबरोबर गाडीत बसलेला असतो. तिथे ‘तुम्ही’ म्हणणारी पाटी त्याच्याकडे बोट दाखवते. आपण ती वाचतोय हे शेजारच्याला कळू नये, म्हणून तो नजर वळवतो.

इथे एक प्रयोग सांगायला हवा, कारण माझं मत त्यावरच बेतलेलं आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक त्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पायवाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि वाटेच्या तोंडाशी वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. एका पाटीचा आशय होता की आजवर अनेक पर्यटकांनी लाकूड नेलं आणि त्यामुळे उद्यानाचं रूप बदलत चाललं आहे. सोबत लाकूड उचलणाऱ्या तिघांचं चित्र. दुसरी पाटी म्हणत होती की कृपया लाकूड नेऊ नका. 2006 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की दुसरी पाटी असताना 2 टक्क्यांहूनही कमी तुकडे गेले आणि पहिली असताना जवळपास 8 टक्के. पहिल्या पाटीला चोरीचा धिक्कार करायचा होता. लोकांनी तिच्यातून एवढंच उचललं की सगळेच नेतात.

आता मानसिक आरोग्याची पत्रकं आठवून पाहा. बहुतेकांची सुरुवात अशीच असते की इतक्या लोकांना त्रास होतो, पण त्यातले फारच थोडे मदत घेतात. मुद्दा कळकळीचा आणि अनेकदा खराही. पण वाचणाऱ्याच्या मनात काय उतरतं? माझ्यासारखे बहुतेक जण जात नाहीत. म्हणजे न जाणं हीच रीत. आपण पैसे खर्च करून पहिली पाटी लावत असतो.

यातून सुटका आहे, तीही त्याच संशोधकांच्या कामात. हॉटेलच्या खोल्यांमध्ये टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणारी कार्डं ठेवून त्यांनी तुलना केली होती. नुसतं पर्यावरण वाचवा म्हटल्यावर साधारण 35 टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. बहुतेक पाहुणे तो पुन्हा वापरतात असं कार्डावर लिहिलं, तेव्हा 44 टक्क्यांनी. टॉवेल आणि मन यांची तुलना जपून करायला हवी. टॉवेल पुन्हा वापरला म्हणून कोणी कोणाचं लग्न मोडत नाही. पण दिशा कळते. त्रास किती लोकांना आहे हे सांगणं एक आणि लोक येतात हे सांगणं दुसरं. पहिल्यानं दुखणं सामान्य होतं. आपल्याला येणं सामान्य करायचं आहे.

मग ‘ताप आल्यावर डॉक्टरकडे जाता ना, तसंच हे’ अशी ओळ का नको? हा प्रश्न संचालिकांनीही विचारला आणि तो रास्त होता. मानसिक आजार हा इतर आजारांसारखाच आजार आहे, हे वाक्य कित्येक मोहिमांचा कणा राहिलं आहे. अमेरिकेत 1996 आणि 2006 साली घेतलेल्या पाहण्यांची तुलना समाजशास्त्रज्ञ बर्निस पेस्कोसोलिडो यांच्या गटानं 2010 साली मांडली. दहा वर्षांत मेंदूतल्या जैविक कारणांवर विश्वास ठेवणारे लोक वाढले होते, उपचार घ्यावेत असं म्हणणारेही वाढले होते. पण अशा माणसाचा शेजार नको, त्याच्याबरोबर काम नको, ही अंतर राखण्याची इच्छा मात्र कमी झालेली नव्हती. आजाराची उपमा उपचारांवरचा विश्वास वाढवते, माणसाची पत तेवढी वाढवत नाही. आणि समुपदेशन केंद्रात येणाऱ्या पुष्कळांना आजार नसतोच. कोणाचं लग्न डळमळलेलं असतं, कोणाची नोकरी गेलेली असते, कोणी वडिलांच्या मृत्यूनंतर वर्षभर घरात हरवल्यासारखं वावरत असतं. त्यांना दारातच रोगी केलं तर ते म्हणणार, ‘मला काही झालेलं नाही’, आणि परत जाणार.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शब्दांकडे येतो. माझा खरा आक्षेप ‘मागा’ या क्रियापदावर आहे. मराठीत ‘मागणं’ हलक्या बाजूचं आहे. मागणारा खाली, देणारा वर. हात पसरून मागतात, पदर पसरून मागतात, उसनं मागतात, माफी मागतात. मदत मागितली की उपकार होतो आणि उपकाराचं ओझं होतं. याउलट ‘घेणं’ बरोबरीचं आहे. सल्ला घेतात, वेळ घेतात, शिक्षण घेतात, निर्णय घेतात. वकिलाचा सल्ला ‘घेतला’ असं आपण अगदी ताठ मानेनं सांगतो, कोणी ‘वकिलाकडे मदत मागितली’ असं म्हणालं तर गडी अडचणीत आहे हे लगेच कळतं. एकच कृती, क्रियापद बदललं की पत बदलते. प्रतिष्ठा आणायची तर ती विशेषणांनी येत नाही. ‘सन्मानानं मदत मागा’ असं लिहिलं तरी मागणारा मागणाराच राहतो.

(‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातही ‘उपदेश’ बसला आहे, आणि समुपदेशक नेमका तोच करत नाहीत. पण शब्द रुळलाय, आता तो बदलायला मी निघालेलो नाही. ‘सल्ला’ हा शब्दही त्याच कारणासाठी संचालिकांनी नाकारला. ‘आम्ही सल्ला देत नाही हो, माणसाला स्वतःचं स्वतःला ऐकू येईल एवढं करतो,’ त्या म्हणाल्या. ओळ सुंदर होती, पण ती पाटीवर गेली असती तर कानाचा दवाखाना वाटला असता.)

दुसरं, आज्ञार्थ. या, बोला, सोडा, घाबरू नका. एखाद्याला एखादी गोष्ट करा म्हणून ढकलावं लागतं याचा अर्थच तो ती आपणहून करत नाही. केशकर्तनालयाच्या पाटीवर ‘केस कापायला घाबरू नका’ असं नसतं. जे रोजचं असतं ते साध्या वर्तमानकाळात सांगितलं जातं किंवा सांगितलंच जात नाही, फक्त वेळ लिहिलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 च्या आरोग्य दिनासाठी नैराश्य हा विषय घेतला होता आणि इंग्रजीत घोषवाक्य होतं ‘लेट्स टॉक’. त्यात आज्ञा नाही, ‘आपण’ आहे, हे मला आवडतं. मोहिमेला ते शोभतं, कारण मोहीम सगळ्यांशी बोलते. केंद्राच्या पाटीला ते पुरत नाही. कोणाशी बोलायचं, कधी, किती वेळ, हे तिथे कळायला हवं.

या वाटेनं जाता जाता आमच्या हाती एक शब्द लागला आणि तो मराठीनंच दिला. कोणी बाहेर निघालं आणि ‘कुठे निघालास?’ असं विचारलं तर ‘जरा काम आहे’ हे उत्तर पुरेसं असतं. पुढे कोणी विचारत नाही. आपल्याकडे ‘काम’ हा शब्द एकाच वेळी झाकतोही आणि मानही राखतो. बँकेचं काम, घराचं काम, कोर्टाचं काम. एवढंच काय, ‘सध्या दातांचं काम काढलंय’ असं लोक सहज म्हणतात आणि त्यात ना लाज असते ना शौर्य. दातांचं काढता येतं तर मनाचं का नको? वही बंद करताना पानावर एवढंच उरलं होतं:

‘मनाचं काम. वेळ ठरवून.’

‘वेळ ठरवून’ या दोन शब्दांवर माझी भिस्त जास्त होती. वेळ ठरवून ज्यांच्याकडे जावं लागतं ती माणसं मानाची असतात आणि ज्याच्यासाठी वेळ राखून ठेवली जाते तोही मानाचा ठरतो. शिवाय ते खरं आहे. समुपदेशनाचं एक सत्र साधारण 45 ते 50 मिनिटांचं असतं आणि ती मिनिटं त्या एकाच माणसाची असतात.

खरेपणाबद्दल थोडं थांबायला हवं. माझ्या आधीच्या युक्तिवादानुसार ‘हजारो लोक इथे येतात’ ही ओळ सर्वांत परिणामकारक ठरली असती. पण केंद्र नवं होतं, ती थाप झाली असती. आलेल्या माणसांच्या तोंडून ‘मला इथे बरं वाटलं’ असं वदवून घेण्याचा मोहही होतो. तोही टाळावा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत तर सध्या उपचार घेत असलेल्या व्यक्तींकडून प्रशस्तिपत्रं मागायलाच मनाई आहे, कारण समोरच्याच्या ओझ्याखाली असलेला माणूस मोकळेपणानं ‘नाही’ म्हणू शकत नाही. संख्या नसेल तर चाल बोलते. ‘वेळ ठरवून’ म्हटलं की आधी कोणीतरी येऊन गेलंय आणि नंतर कोणीतरी येणार आहे, हे न सांगता कळतं.

ओळ तयार झाली की लोकांना ‘आवडली का?’ असं विचारण्याची पद्धत आहे. ती निरुपयोगी आहे. माणसं चांगल्या कामाला नावं ठेवत नाहीत, ‘छान आहे’ म्हणतात. मी दहा-बारा ओळखीच्यांना कागदावर पाटी काढून पाच सेकंद दाखवली आणि वेगळंच विचारलं. या दाराआड बाहेरच्या खोलीत आत्ता कोण बसलेलं असेल, त्याचं वर्णन करा. ‘लाज कसली?’ या ओळीला उत्तरं आली: रडणारी मुलगी, डोकं धरून बसलेला माणूस, सोबत आलेली काळजीत पडलेली आई. ‘मनाचं काम’ला आली: ऑफिसमधून आलेला कोणीतरी, पिशवी घेतलेली बाई, एक जण फोन बघत बसलाय. माझ्या दृष्टीनं निकाल तिथेच लागला. ज्या खोलीत स्वतःला बसलेलं कल्पिता येतं, त्याच खोलीत माणूस जातो. दहा-बारा ओळखीचे म्हणजे संशोधन नव्हे, पण एवढ्यानंही ढोबळ चूक दिसते.

चूक दिसलीच. दोघांना वाटलं की हा ध्यानाचा वर्ग आहे. म्हणून एक गोष्ट पक्की केली की नावात ‘समुपदेशन केंद्र’ हे शब्द मोठ्या अक्षरांत, आडपडदा न ठेवता राहतील. काही केंद्रं हा शब्दच गाळतात आणि कल्याण, संतुलन, बहर, उमेद अशा नावांआड बसतात. त्यांचा हेतू कळतो. पण ज्याला खरंच गरज आहे त्याला हे आपल्यासाठी आहे हे कळत नाही, आणि ज्याला कळतं त्याला हेही कळतं की केंद्राला स्वतःचं नाव सांगायला संकोच वाटतोय. घोषवाक्य सौम्य असावं, नावानं सौम्य होऊ नये.

‘संपूर्ण गोपनीयता’ हे शब्दही मी पाटीवरून काढायला लावले, त्यावर बराच वाद झाला. गोपनीयता हा या कामाचा पाया आहे, मग ती लपवायची का? लपवायची नाही, योग्य जागी सांगायची. पाटीवर ठळक अक्षरांत गोपनीयतेची हमी दिली की इथे काहीतरी झाकण्यासारखं चालतं असा सूर लागतो. शिवाय ‘संपूर्ण’ हे खोटं आहे. जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर समुपदेशकाला काही गोष्टी सांगाव्या लागू शकतात. हे पहिल्या सत्राच्या सुरुवातीला समोर बसून, मर्यादांसकट, समजावून सांगायचं असतं. दोन शब्दांत ते मावत नाही.

ओळीचं आयुष्य पाटीपुरतं नसतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. तीच ओळ पावतीवर छापली जाते, वेळेची आठवण देणाऱ्या संदेशात जाते, आणि तो संदेश टेबलावर पडलेल्या फोनच्या पडद्यावर घरातल्या कोणाच्याही नजरेला पडतो. तिथे ‘धाडस करा’ उमटलं तर काय होईल याचा विचार करा. आम्ही संदेशात फक्त दिवस आणि वेळ ठेवली, ओळ नाहीच. आणि स्वागतकक्षात ‘पेशंट आलेत’ हा शब्द बंद केला. पाटी काम म्हणते आणि आतून ‘पुढचा पेशंट पाठवा’ असा आवाज येतो, तर माणूस आवाजावर विश्वास ठेवतो.

आता ‘मला काही झालेलं नाही’कडे येतो. ओळ लागू पडतेय की नाही हे कशावरून ओळखायचं? फोन किती आले यावरून नव्हे, फोन जाहिरातीच्या खर्चानंही वाढतात. संचालिकांनी मला सांगितलं होतं की पहिला फोन करणारे बहुतेक जण माफी मागून सुरुवात करतात: ‘तसं फार काही नाही’, ‘मला काही झालेलं नाही, पण’, ‘एका मित्रासाठी विचारतोय’. मी त्यांना सुचवलं की फोन घेणाऱ्यानं नाव न लिहिता फक्त पहिलं वाक्य कोणत्या प्रकारचं होतं याची खूण करावी. माफीचं, मित्राचं, की थेट ‘कधी वेळ आहे?’ असं. तिसऱ्या प्रकारच्या खुणा वाढल्या तर पाटी काहीतरी करतेय असं समजायला जागा आहे. त्यातही ओळीचा वाटा किती आणि तोंडोतोंडी पसरलेल्या नावाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. माणूस येतो तो बहुधा ओळखीचं कोणीतरी येऊन गेलंय म्हणून. पाटीनं फार तर त्याला दारात अडवू नये.

ओळीची एक खरी उणीव मात्र मला दिसली नव्हती, ती संचालिकांना दिसली. जो माणूस आज, आत्ता, जिवावर उदार होऊन उभा आहे, त्याला ‘वेळ ठरवून’ हे शब्द दार लावून घेतल्यासारखे वाटतील. येणं नेहमीचं करण्याच्या नादात ज्याचं काही नेहमीचं उरलेलं नाही त्याला आपण बाहेर ठेवत होतो. त्यांनी खाली दुसरी ओळ मागितली: ‘आजच बोलायचं असेल तर’, आणि पुढे चोवीस तास उचलला जाणारा क्रमांक. केंद्राचा फोन रात्री बंद असतो, म्हणून तो क्रमांक आत्महत्या-प्रतिबंधासाठी चालणाऱ्या मदतवाहिनीचा घ्यायचं ठरलं.

माझं म्हणणं होतं की ही ओळ बारीक अक्षरांत असावी, नाहीतर सगळ्या पाटीचा सूर बिघडेल. त्यांचं म्हणणं की बारीक अक्षरं वाचायची ताकद त्या क्षणी कोणात नसते. दोन बैठका याच्यावर गेल्या. शेवटी दोन्ही ओळी एकाच मापाच्या छापल्या. ‘काम’ हा शब्द त्यांना अजूनही थोडा खटकतो. थकलेल्या माणसाला आणखी काम कशाला, असं त्या म्हणतात, आणि यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.